शिफारसपत्रातले ‘मेहनती’, ‘हुशार’ आणि ‘चांगली’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. उन्हाळी संशोधन फेलोशिप, एम.एस्सी.चे प्रवेश, ट्रस्टच्या शिष्यवृत्त्या यांसाठी विद्यार्थी शिफारसपत्र मागायला येतात. पत्रं लिहिताना सहकाऱ्यांनी आणि विद्यार्थ्यांनी मला जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारले, ते इथे उत्तरांसह मांडले आहेत.

विद्यार्थिनी खरोखरच मेहनती, हुशार आणि चांगली असेल, तर तसं लिहायला हरकत काय?

तुम्ही खोटं लिहिताय असं नाही. अडचण वाचणाऱ्याची आहे. निवड करणाऱ्यांच्या टेबलावर अर्जांचा गठ्ठा असतो आणि त्यातल्या बहुतेक पत्रांत हेच तीन शब्द असतात. अर्ज करणारे सगळेच आपापल्या वर्गातले वरचे विद्यार्थी असतात. त्यामुळे या शब्दांवरून एकाला दुसऱ्यापासून वेगळं काढता येत नाही. शिवाय सोबत गुणपत्रिका जोडलेली असते. ‘हुशार’ म्हणून जे सांगायचं ते तिने आधीच सांगितलेलं असतं. गुणपत्रिकेत न दिसणारं काहीतरी शिक्षकाने सांगावं, एवढ्यासाठी तर पत्र मागवतात.

ही सवय आपल्याला कुठून लागली, याचा मी विचार केला आहे. शाळा सोडल्याच्या दाखल्यात ‘अभ्यासातील प्रगती’ आणि ‘वर्तणूक’ असे दोन रकाने असतात आणि दोन्हींत ‘चांगली’ लिहून कारकून पुढच्या दाखल्याकडे वळतो. तिथे ते बरोबरच आहे, कारण दाखल्याचं काम फक्त ‘तक्रार नाही’ एवढं सांगण्याचं. शिफारसपत्राचं काम वेगळं आहे. तिथेही आपण दाखल्याची भाषा वापरली, की वाचणाऱ्याला एवढंच कळतं की या मुलीबद्दल तक्रार नाही.

मग ‘मेहनती’च्या जागी ‘परिश्रमी’, ‘कष्टाळू’ किंवा ‘उद्यमशील’ असा वजनदार शब्द घातला तर?

नाही. शब्द जड झाला, अर्थ तेवढाच मोघम राहिला. शब्दकोशातला समानार्थी शब्द शोधण्यापेक्षा ‘मेहनत’ या एका शब्दाखाली कोणकोणत्या वेगळ्या गोष्टी दडल्या आहेत, ते आधी पाहावं. मराठीत त्यांच्यासाठी स्वतंत्र शब्द आहेत आणि आपण ते घरात रोज वापरतो.

चिकाटी म्हणजे एकदा फसल्यावर पुन्हा त्याच कामाकडे येणं. सातत्य म्हणजे थोडं का होईना, पण खंड न पडू देणं. उरक म्हणजे हातातलं काम वेळेत संपवणं. घरात आपण ‘तिच्या कामाला उरक आहे’ असं म्हणतो आणि ते कौतुक नेमकं कशाचं, हे ऐकणाऱ्याला लगेच कळतं. काटेकोरपणा म्हणजे कोणी पाहत नसतानाही माप न चुकवणं. या चार गोष्टी एकाच माणसात असतीलच असं नाही. माझ्या एका विद्यार्थ्याकडे कमालीची चिकाटी होती, पण त्याला उरक अजिबात नव्हता. एकाच प्रयोगावर तो तीन दिवस बसायचा. दुसऱ्याला उरक होता, पण जर्नलमधले आकडे डोळ्यांत तेल घालून तपासावे लागायचे. दोघांनाही मी एके काळी ‘मेहनती’ असंच लिहून दिलं होतं. आता ते वाचताना वाटतं की दोघांवरही थोडा अन्याय झाला.

नेमका शब्द सापडत नसेल तर त्याचा उलटा शब्द आठवून पाहा. चिकाटीच्या उलट मधेच सोडून देणं, उरकाच्या उलट रेंगाळणं, काटेकोरपणाच्या उलट अंदाजे भागवणं, सातत्याच्या उलट परीक्षेच्या आदल्या आठवड्यात जागणं. वर्गातली बाकीची मुलं काय करत होती आणि ही काय करत नव्हती, ते आठवलं की शब्द आपोआप समोर येतो.

‘हुशार’चं काय करायचं? त्याला तर पर्यायच नाही.

हुशार हा शब्द फारसीतल्या ‘होशियार’वरून आला आणि त्याचा मूळ अर्थ सावध, भानावर असलेला. आज आपण तो पहिल्या नंबरापासून हजरजबाबीपणापर्यंत सगळ्यासाठी वापरतो.

संशोधनाच्या जागेसाठी पत्र असेल तर मला तीन गोष्टी वेगळ्या काढाव्या लागतात. पहिली आकलन: नवी कल्पना एकदा सांगितल्यावर कळते का, आणि ती दुसऱ्या उदाहरणाला लावता येते का. दुसरी चिकित्सा: समोर आलेलं उत्तर ती तपासते, की पुस्तकाशी जुळलं की खूश होते. तिसरी कल्पकता: साधन नसताना वाट काढते का. चिकित्सक विद्यार्थ्याला परीक्षेत कमी गुण पडू शकतात, कारण तो एका प्रश्नावर अडून बसतो. त्याच्यासाठी ‘हुशार’ लिहिलं आणि गुणपत्रिकेत ६२ टक्के दिसले, तर वाचणारा पत्रावर विश्वास ठेवणार नाही. ‘चिकित्सक’ लिहून एक प्रसंग दिला तर त्याच ६२ टक्क्यांकडे तो वेगळ्या नजरेने पाहील.

काही शब्दांपासून जपून राहा. ‘चतुर’ आणि ‘चाणाक्ष’ यांना व्यवहाराचा वास आहे, ‘चलाख’ तर थेट लबाडीकडे झुकतो. ‘कुशाग्र बुद्धीची’ आणि ‘अष्टपैलू’ हे सत्कार समारंभाच्या भाषणातले शब्द आहेत आणि ‘हुशार’पेक्षा जास्त काही सांगत नाहीत.

आणि ‘चांगली’?

तिघांतला हा सगळ्यात रिकामा शब्द, म्हणून सगळ्यात जास्त विचार इथे करावा लागतो. स्वतःला विचारा: कोणासाठी चांगली? शिक्षकांसाठी, सोबतच्या मुलांसाठी, की कामासाठी?

शिक्षकांसाठी चांगली म्हणजे बहुतेक वेळा ‘सालस’ किंवा ‘आज्ञाधारक’. सून पाहायला आलेल्यांना हे शब्द आवडतील. प्रयोगशाळेचा प्रमुख ते वाचून विचार करेल की ही मुलगी माझी चूक मला दाखवील का. सोबतच्यांसाठी चांगली म्हणजे समंजस किंवा मदतीला धावणारी. तसं असेल तर कोणाला, कधी, कशी मदत केली ते सांगता आलं पाहिजे. कामासाठी चांगली म्हणजे विश्वासू आणि प्रांजळ. चुकलेलं वाचन लपवत नाही, न केलेला प्रयोग केला म्हणून लिहीत नाही. विज्ञानाच्या विद्यार्थ्याबद्दल मला सांगायचं असतं ते बहुतेक वेळा हेच, आणि ‘चांगली’ लिहिल्यावर नेमकं तेच सांगायचं राहतं.

शिष्यवृत्तीच्या पत्रांत ‘गरीब व होतकरू’ ही जोडी ठरलेली असते. गरिबी सांगायला तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला जोडलेला असतो, तो पुरेसा आहे. ‘होतकरू’ मात्र मला आवडणारा शब्द आहे. पुढे काहीतरी होईल अशी चिन्हं दिसणारा, असा त्याचा अर्थ. फक्त ती चिन्हं कोणती, हे पुढच्याच वाक्यात लिहा.

एखादं प्रत्यक्ष पत्र दाखवाल का?

दाखवते. विद्यार्थिनीचं नाव गाळलं आहे. मी घाईत केलेला पहिला मसुदा असा होता:

“कु. —— ही आमच्या महाविद्यालयात बी.एस्सी. तृतीय वर्षात शिकत असून ती अत्यंत मेहनती, हुशार व चांगल्या वर्तणुकीची विद्यार्थिनी आहे. ती सर्व उपक्रमांत हिरिरीने भाग घेते. तिची निवड व्हावी अशी मी शिफारस करते.”

लिहून झाल्यावर मी तिच्या नावावर बोट ठेवलं आणि वर्गातल्या दुसऱ्या मुलीचं नाव मनात घेतलं. पत्र तिलाही तंतोतंत बसलं, तिसरीलाही बसलं. मग मी कपाटातून तिच्या प्रकल्पाची वही काढली.

प्रकल्प विहिरींच्या पाण्याच्या दुष्फेनतेचा होता, म्हणजे आपण ज्याला जड पाणी म्हणतो त्याचा. पद्धत नेहमीचीच. ५० मिली पाण्यात पीएच १० चं अमोनिया बफर आणि इरिओक्रोम ब्लॅक टी हा दर्शक घालायचा आणि ब्युरेटमधून ०.०१ मोलर ईडीटीए सोडत जायचं. वाइनसारखा लाल रंग निळा झाला की थांबायचं. लागोपाठची वाचनं ०.१ मिलीच्या आत जुळली पाहिजेत. डिसेंबरात तिची वाचनं जुळेनाशी झाली, फरक ०.६ मिलीपर्यंत जाऊ लागला. रंग एका थेंबाला बदलायच्या ऐवजी जांभळ्यावर रेंगाळत होता. अशा वेळी बहुतेक मुलं तीन वाचनांची सरासरी काढून मोकळी होतात. तिने काय केलं ते वहीत तारखांसकट होतं. त्यावरून पत्राचा मधला भाग नव्याने लिहिला:

“कु. —— हिला मी दोन वर्षांपासून ओळखते. द्वितीय वर्षात तिला विश्लेषणात्मक रसायनशास्त्र शिकवलं आणि तृतीय वर्षाचा तिचा प्रकल्प माझ्या मार्गदर्शनाखाली झाला. ऑक्टोबर ते मार्च या सहा महिन्यांत तिने आपल्या गावातल्या सहा विहिरींचं पाणी दर पंधरवड्याला तपासलं. १२ फेऱ्यांतले ७२ नमुने आणि प्रत्येकाची किमान तीन टायट्रेशन तिच्या वहीत आहेत. एकही फेरी चुकलेली नाही. डिसेंबरमध्ये वाचनं जुळेनात. तिने आधी ईडीटीए पुन्हा प्रमाणित केलं, ते बरोबर निघालं. मग बफरचा पीएच मोजला, तो १० ऐवजी ९.२ भरला. बाटलीचं बूच सैल राहून अमोनिया उडून गेला होता. हे तिने मला विचारण्याआधी स्वतः शोधलं. नवं बफर करून तिने त्या फेरीचे सहाही नमुने पुन्हा तपासले. जुनी वाचनं तिने खोडली नाहीत. त्यांवर एक रेघ मारून शेजारी कारण लिहिलं. त्या आधीच्या फेरीतही बफर बिघडायला लागलेलं असू शकतं, हे तिने अहवालात स्वतःहून नोंदवलं, कारण ते नमुने उरले नव्हते. तिच्या कामात सातत्य आहे, ती मिळालेल्या उत्तरावर शंका घेते आणि आकड्यांच्या बाबतीत ती पूर्ण प्रांजळ आहे.”

पहिल्या मसुद्यातले तिन्ही शब्द इथे शेवटच्या वाक्यात परत आले आहेत, फक्त आपल्या खऱ्या नावांनी. ‘मेहनती’चं सातत्य झालं, कारण तिची मेहनत जागरणाची नव्हती, दर पंधरवड्याची होती. ‘हुशार’ची शंका घेण्याची वृत्ती झाली. ‘चांगली’चा प्रांजळपणा झाला. माझ्या मते या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य आधीच्या फेरीबद्दलचं आहे. ते तिने लिहिलं नसतं तर कोणालाही कळलं नसतं.

असे तपशील आणायचे कुठून? वर्गात ऐंशी मुलं असतात.

आठवणीवर भिस्त ठेवू नका. पत्र मागायला येणाऱ्याला मी सांगते की जर्नल, प्रकल्पाची वही आणि एक कागद घेऊन ये. कागदावर तीन प्रश्नांची उत्तरं हवी असतात. माझ्या विषयात कोणतं काम फसलं आणि मग काय केलंस? कोणती गोष्ट तुला कोणी सांगितली नव्हती, तरी केलीस? तुझ्याकडून सोबतच्यांना काय शिकायला मिळालं? उत्तरं दोन-दोन ओळींची पुरतात. ‘मी खूप मेहनत घेतली’ असं लिहून आणलं तर कागद परत देते आणि तारीख, वार, आकडा विचारते. मग पंधरा मिनिटं बोलणं होतं, आणि खरं पत्र बहुतेक त्या बोलण्यात सापडतं. वर दिलेल्या पत्रातली बफरची गोष्टसुद्धा तिने कागदावर लिहिली नव्हती. तिच्या मते ती तिची फजिती होती.

याला वेळ लागतो, म्हणून किमान पंधरा दिवस आधी यायला सांगा.

मी त्या विद्यार्थ्याला फक्त व्याख्यानांतूनच ओळखतो. मग?

तसंच लिहा. “मी त्याला एक सत्र भौतिक रसायनशास्त्र शिकवलं, प्रात्यक्षिकात पाहिलेलं नाही” हे वाक्य पत्राची किंमत कमी करत नाही. पुढे जे लिहाल त्यावरचा विश्वास वाढवतं. मग वर्गात त्याने विचारलेला एखादा प्रश्न किंवा उत्तरपत्रिकेतलं एखादं वेगळ्या रीतीने सोडवलेलं गणित आठवा. तेही आठवत नसेल, तर त्याला प्रात्यक्षिक घेणाऱ्या सरांकडे किंवा मॅडमकडे पाठवा, पदाने ते कनिष्ठ असले तरी. विभागप्रमुखांच्या सहीचं कोरडं पत्र आणि रोज सोबत उभं राहणाऱ्या शिक्षकाचं भरीव पत्र, यांत मी दुसरं निवडेन.

मुलींच्या पत्रांत ‘मेहनती’ जास्त येतं, हे खरं आहे का?

आपल्याकडच्या पत्रांचं मला माझ्या कपाटापुरतं माहीत आहे आणि तिथे ते खरं निघालं. अमेरिकेत फ्रान्सिस ट्रिक्स आणि कॅरोलिन सेन्का यांनी यावर अभ्यास केला आणि तो २००३ साली प्रसिद्ध झाला. एका वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक म्हणून निवड झालेल्यांची तीनशेहून अधिक शिफारसपत्रं त्यांनी वाचली. स्त्रियांसाठीची पत्रं सरासरीने आखूड होती, त्यांत कष्टाळूपणाचे शब्द जास्त होते आणि वाचणाऱ्याच्या मनात शंका उभी करणारी वाक्यंही जास्त होती. हे सगळे उमेदवार निवडले गेलेले होते, हे लक्षात घ्या.

यात धोका कुठे आहे, तर ‘मेहनती’ हा शब्द एकटा आला की वाचणारा त्यात न लिहिलेलं वाचतो: बुद्धी बेताची, पण कष्ट करते. मी हे कळल्यानंतर माझी जुनी पत्रं काढून पाहिली. मुलग्यांसाठी ‘कल्पक’, ‘धडाडीचा’. मुलींसाठी ‘मेहनती’, ‘नम्र’, ‘मनमिळाऊ’. त्यांतल्या दोन मुलींनी माझ्यासमोर उपकरणं दुरुस्त केली होती, आणि ते पत्रात नव्हतं. तेव्हापासून मुलीचं पत्र लिहून झालं की त्यातली ‘ती’ मनात ‘तो’ करून वाचते. वाक्य विचित्र वाटलं तर बदलते.

पत्र इंग्रजीत द्यायचं असेल तर हे सगळं लागू पडतं का?

पडतं. हार्डवर्किंग, स्मार्ट आणि गुड यांची तिथेही हीच गत आहे. आपल्याकडचा आणखी एक शब्द सांभाळा: सिन्सिअर. आपण तो अभ्यासू, नियमित या अर्थाने सर्रास वापरतो. परदेशातला वाचणारा त्याचा अर्थ ‘मनापासून बोलणारा, ढोंग न करणारा’ असा घेईल. तुम्ही अभ्यासाबद्दल बोलताय हे त्याला कळणारच नाही. ‘गुड मॉरल कॅरेक्टर’ही गाळा, ते चारित्र्याच्या दाखल्यातलं आहे.

मी प्रसंग आधी मराठीत लिहून काढते, कारण तो मराठीतच घडलेला असतो. वरचं पत्रही असंच मराठीत लिहून नंतर इंग्रजीत केलं. थेट इंग्रजीत लिहायला बसले की हाताला सवयीची वाक्यं येतात.

परदेशी विद्यापीठांच्या अर्जांत पुष्कळदा एक तक्ताही भरायचा असतो: हा विद्यार्थी तुम्ही शिकवलेल्यांपैकी वरच्या पाच टक्क्यांत आहे, दहा टक्क्यांत की पंचवीस? सगळ्या रकान्यांत सगळ्यात वरची खूण करू नका. पत्रात सातत्याबद्दल लिहिलं असेल आणि तक्त्यात वक्तृत्वालाही तोच दर्जा दिला, तर दोन्ही पोकळ वाटतात.

विद्यार्थ्याने स्वतःच पत्र लिहून आणलं आणि सही मागितली, तर?

हे सगळीकडे चालतं. त्यातल्या तारखा, आकडे, प्रकल्पाचं नाव घ्या. विशेषणं आणि मतं घेऊ नका. मत तुमचं असायला हवं, सही तुमची आहे.

उणीव लिहावी का?

विचारली असेल तरच, आणि तीही प्रसंगाने. “बोलायला बुजते” यापेक्षा “पहिल्या सादरीकरणात तिने आकडे वाचून दाखवले, दुसऱ्यात फळ्यावर आलेख काढून समजावले” हे खरं आणि न्याय्य आहे. गंभीर उणीव असेल आणि ती लपवून लिहावं लागणार असेल, तर पत्र द्यायला नाही म्हणा आणि विद्यार्थ्याला ते तोंडावर सांगा. त्याला दुसऱ्या शिक्षकाकडे जायला वेळ मिळतो.

किती लांब असावं?

एक पान. प्रसंग एक, फार तर दोन.

म्हणजे एकही विशेषण लिहायचं नाही?

लिहायचं, पण प्रसंगानंतर. आधी ‘प्रांजळ’ लिहून मग गोष्ट सांगितली, की वाचणारा तुमचा शब्द तपासत गोष्ट वाचतो. आधी रेघ मारलेली वाचनं दाखवली, की ‘प्रांजळ’ हा शब्द त्याच्या मनात तुमच्याआधी आलेला असतो. दर प्रसंगाला एकच विशेषण द्या, आणि त्याआधी ‘अत्यंत’ घालू नका. वरच्या पत्रातून मी शेवटी खोडलेला शब्द तोच होता.